तिसऱ्या रांगेतला डीलर: निवृत्त होणाऱ्या विक्री व्यवस्थापकाचे मनोगत कसे लिहावे

लेखा विभागातला माणूस निवृत्त होतो तेव्हा सभागृहात बहुतेक त्याचे सहकारीच असतात. विक्री व्यवस्थापकाच्या निरोप समारंभाला डीलर येतात. पांढरा शर्ट घालून, हार किंवा शाल घेऊन ते तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसतात. यातल्या काहींनी सत्कारमूर्तीकडून वीस-पंचवीस वर्षे माल घेतलेला असतो. कोणत्या स्कीमचे पैसे आले, कोणते लटकले, साहेबांनी कधी शब्द पाळला आणि कधी फोन उचलला नाही, हे त्यांना तोंडपाठ असते. अशा सभागृहात ‘मी ग्राहकाला आयुष्यभर देव मानलं’ हे वाक्य माइकवरून गेले, की दोन डीलर एकमेकांकडे बघतात आणि त्यापुढचे भाषण वाया जाते.

म्हणून हे भाषण लिहिताना समोर एकच माणूस धरावा: तिसऱ्या रांगेतला डीलर. त्याला जे पटेल ते तरुण सहकाऱ्यांनाही पटते, कारण समारंभ संपल्यावर ते त्यालाच विचारणार असतात, ‘साहेब खरंच असे होते का हो?’

उदाहरणासाठी एक काल्पनिक गृहस्थ घेऊ. शेतीपंप बनवणाऱ्या कंपनीत १९९१ मध्ये प्रतिनिधी म्हणून लागलेले, सांगली-कोल्हापूर विभागाचे विक्री व्यवस्थापक झालेले आणि आता ५८ व्या वर्षी निवृत्त होणारे. भाषण ते स्वतः लिहीत असोत किंवा ‘तू जरा मुद्दे काढून दे रे’ म्हणून ते काम एखाद्या नव्या सहकाऱ्याच्या गळ्यात पडलेले असो, कामाची पद्धत तीच.

आधी वेळ मोजा

कार्यक्रमाचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. स्वागत, प्रास्ताविक, दोन-तीन सहकाऱ्यांची भाषणे, एखाद्या जुन्या डीलरचे चार शब्द, वरिष्ठांचे भाषण, शाल-श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह, मग सत्काराला उत्तर म्हणून मनोगत. त्यामागे उरते आभारप्रदर्शन आणि जेवण. साडेसहाचा कार्यक्रम सातला सुरू होतो आणि सत्कारमूर्तीच्या हातात माइक येईपर्यंत साडेआठ वाजतात. बाहेर जेवणाची भांडी वाजायला लागलेली असतात. अशा वेळी आठ मिनिटे लोक मनापासून ऐकतात, बाराव्या मिनिटाला मोबाइल निघतात.

व्यासपीठावरून बोलताना, थांबे आणि टाळ्या धरून, मिनिटाला साधारण शंभर शब्द जातात. म्हणजे आठ मिनिटांना आठशे शब्द, मोठ्या अक्षरात टाइप केले तर तीन पाने. हा आकडा लिहायला बसण्याआधीच कागदाच्या डोक्यावर टाका. चौतीस वर्षांची नोकरी आठशे शब्दांत मावत नाही, आणि ती मावावी असा प्रयत्नच करायचा नाही. सुरुवातीला साठ शब्द, एका ग्राहकाच्या प्रसंगाला दोनशे वीस, एका निर्णयाला दोनशे साठ, आभारांना शंभर आणि नव्या मुलांना सांगायच्या दोन गोष्टींना एकशे साठ, एवढीच वाटणी पुरते.

कारकिर्दीचा आढावा यात नाही, हे लक्षात आले असेल. बदल्या, बढत्या, पुरस्कार हे सगळे आधीच्या वक्त्यांनी सांगून झालेले असते. दोन दिवस आधी सूत्रसंचालकाला फोन करून कोण काय बोलणार आहे ते विचारून घ्या. तुमचा ठेवणीतला प्रसंग आधी बोलणारा डीलर सांगणार असेल, तर तो त्याला सांगू द्या. त्याच्या तोंडी तो जास्त शोभतो.

प्रसंग कुठून काढायचे

आठवणीवर विसंबून सुरुवात केली तर हाती फक्त विजय लागतात: मोठी ऑर्डर, परदेशवारीचे बक्षीस, सलग तीन वर्षे पूर्ण झालेले टार्गेट. सभागृहाला यातले काही नको असते. त्यापेक्षा जुन्या टूर डायऱ्या, क्रेडिट नोटांची फाइल आणि थकबाकीच्या याद्या काढून बसा. जिथे हिशेब अडला होता तिथेच सांगण्यासारखे काही घडलेले असते.

दहा प्रसंग एकेका ओळीत लिहा आणि चाळायला घ्या. ज्यात जागा, साल किंवा आकडा नाही तो बाद. ज्याला सभागृहात एकही साक्षीदार नाही तो शक्यतो बाद. उरलेल्यांसाठी साक्षीदाराला फोन लावा आणि फक्त एवढे विचारा, ‘तुम्हाला ते कसं आठवतं?’ ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. व्यवस्थापकाला त्या दिवशीची ऑर्डर आठवत असते, तर डीलरला आठवत असते ती रविवारी टेम्पो मिळत नव्हता म्हणून झालेली धावपळ. दोन्ही खरे असेल, तरी भाषणात डीलरची आठवण घ्यावी. ती व्यासपीठावरून उच्चारली गेली, की तिसऱ्या रांगेत मान हलते.

सगळ्यांना माहीत असलेल्या घटना आल्या तर त्या समजावून सांगत बसू नका. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, १ जुलै २०१७ ला लागू झालेला जीएसटी आणि ऑगस्ट २०१९ चा महापूर या तिन्ही गोष्टी सांगली-कोल्हापूरच्या कोणत्याही दुकानदाराला विसरता येणार नाहीत. ‘एकोणीसच्या पुरात’ एवढे म्हटले की पुरे. पुढे लगेच आपण काय केले ते सांगावे, किंवा काय करायला हवे होते आणि केले नाही तेही.

ग्राहक: एकच, आणि तोही वापरणारा

विक्रीच्या लोकांच्या बोलण्यात ‘ग्राहक’ हा शब्द दोघांना लागतो: कंपनीकडून माल घेणारा डीलर, आणि तो माल शेतात बसवणारा शेतकरी. भाषणात दोघांची सरमिसळ झाली की कोणाचेच चित्र उभे राहत नाही. डीलर पुढच्या भागात येणारच आहे, म्हणून इथे शेतकरी घ्यावा. असा मजकूर चालेल:

‘जतच्या बाजूला एक शेतकरी दुकानात आला. म्हणाला, साडेसात एचपीचा पंप द्या, शेजाऱ्यानं तोच बसवलाय. मी विचारलं, बोअर किती फूट आहे? पाणी किती फुटांवर उभं राहतं? आणि आत्ताचा पाचाचा पंप सलग किती वेळ चालतो? तिसऱ्या प्रश्नाला तो थांबला. म्हणाला, पाऊण तासात पाणी तुटतं, मग दीड तास थांबावं लागतं. म्हणजे पंप लहान नव्हता, बोअरला पाणी कमी होतं. साडेसातचा बसवला असता तर तेच पाणी अर्ध्या तासात संपलं असतं आणि मोटर कोरडी पडून जळली असती. मी त्याला पाचाचाच पंप घ्यायला लावला. दुकानदार माझ्याकडे रागानं बघत होते, कारण बिल कमी झालं होतं. ते दुकानदार आज इथे बसलेत. राग गेला की नाही, ते जेवताना विचारून घ्या.’

या मजकुरात काय आहे ते नीट बघा. ग्राहकाविषयीचा आदर कुठेही शब्दात सांगितलेला नाही, तो तीन प्रश्नांत आहे. तांत्रिक कारण एका वाक्यात आटोपले आहे. पाण्यातला पंप फिरताना त्याची मोटर भोवतीच्या वाहत्या पाण्यामुळे थंड राहते, आणि पाणी तुटल्यावरही ती चालू राहिली तर वाइंडिंग जळते. हे विक्रीतल्या मुलांना ठाऊक असते, पण सभागृहात सत्कारमूर्तीची नातही बसलेली असते. तिला ‘कोरडी पडून जळली असती’ एवढे कळते. हेड, डिस्चार्ज, स्टेज हे शब्द आणले की ती आणि तिच्याबरोबर अर्धे सभागृह निसटते.

या भागात चुका होतात त्या तीन. शेतकऱ्याच्या अडाणीपणावर हशा मिळवणे ही सगळ्यात वाईट. त्याला प्रश्नाचे उत्तर माहीत होते, ते विचारले मात्र कोणी नव्हते, असेच चित्र राहायला हवे. दुसरी चूक म्हणजे शेवटी ‘आणि मग त्यानं मला दहा गिऱ्हाईकं आणून दिली’ हे शेपूट जोडणे. तसे खरोखर घडले असेल तरी गाळावे. त्या शेपटामुळे सरळ सल्ला म्हणजे पुढच्या विक्रीसाठी लावलेला गळ वाटू लागतो. तिसरी चूक नावाची. ग्राहकाचे नाव, गाव आणि खरेदीची रक्कम त्याला न विचारता माइकवरून सांगू नये. तालुक्यापर्यंत आलो तरी पुष्कळ झाले.

सचोटी: हा शब्द न वापरता

भाषण इथे उभे राहते किंवा कोसळते, म्हणून लिहायच्या वेळातला अर्धा या भागाला द्या.

‘चौतीस वर्षांत मी एका रुपयाचाही गैरव्यवहार केला नाही’ हे वाक्य खरे असले तरी लिहू नका. ते ऐकणाऱ्याला दोनच गोष्टी सुचतात: बाकीच्यांनी केला असे साहेबांना म्हणायचे आहे, किंवा काहीतरी होते म्हणून हे बोलावे लागते आहे. सचोटी दिसते ती एखाद्या निर्णयात, जिथे योग्य बाजू घेतल्याने काहीतरी हातचे गेले. त्याहून अवघड, पण जास्त ऐकला जाणारा प्रसंग म्हणजे जिथे आपण चुकीची बाजू घेतली आणि किंमत दुसऱ्याने मोजली. निवृत्तीच्या दिवशी माणसाला हे बोलता येते. नोकरीत असताना सहसा येत नाही.

विक्रीत असा एक प्रसंग बहुतेक सगळ्यांच्या वाट्याला आलेला असतो: महिनाअखेरीला डीलरच्या गळ्यात माल मारणे. कंपनीकडून डीलरकडे जाणाऱ्या मालाला प्रायमरी म्हणतात आणि डीलरकडून गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्याला सेकंडरी. बहुतेक ठिकाणी टार्गेट प्रायमरीवर मोजले जाते. त्यामुळे गोदामात माल पडून असला तरी कागदावर विक्री झालेली दिसते. पंपांच्या धंद्यात तर हंगाम ठरलेला. उन्हाळ्यात मागणी वाढते आणि पाऊस लागला की पडते. पण ३० जूनला तिमाही संपते, म्हणजे टार्गेटचा ताण नेमका मागणी आटते तेव्हाच येतो.

भाषणात हे मांडण्याआधी कागदावर हिशेब करून बघा, म्हणजे कोणता आकडा बोलायचा ते कळते. समजा, जूनअखेर एका डीलरला गरज नसताना ८० पंप दिले. पंपाची सरासरी किंमत १८,००० रुपये, म्हणजे एकूण १४ लाख ४० हजार; जीएसटी बाजूला ठेवू. स्कीम मिळावी म्हणून त्याने पैसे लगेच भरले, आणि ते बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून वर्षाला १२ टक्क्यांनी उचलले. महिन्याचे व्याज १४,४०० रुपये झाले. माल ऑक्टोबरअखेरपर्यंत हलला नाही, म्हणजे चार महिन्यांचे ५७,६०० रुपये. त्याचा नफा ६ टक्के धरला तर ८६,४०० रुपये. त्यातून व्याज गेले, २८,८०० उरले. शेवटी माल हलवण्यासाठी त्याने पंपामागे ५०० रुपये कमी घेतले, म्हणजे ४०,००० सोडले. हिशेबाच्या तळाशी ११,२०० रुपयांचा तोटा राहिला, तोही गोदामाची जागा अडली आणि नव्या मालाला पैसे उरले नाहीत ते न मोजता.

यातले सगळे आकडे माइकवरून वाचले तर सभागृह झोपेल. एक निवडा. शेवटचा.

‘जूनअखेर होती. माझं टार्गेट ऐंशी पंपांनी कमी पडत होतं. ते ऐंशी पंप मी एका डीलरच्या गळ्यात घातले. पाऊस सुरू झाला होता. माल हलणार नाही हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. ऑक्टोबरपर्यंत ते पंप गोदामात पडून होते आणि व्याज त्यांच्या खात्यावर चढत होतं. मला तिमाहीचा इन्सेंटिव्ह मिळाला. त्यांना त्या मालात अकरा हजारांचा तोटा झाला. दिवाळीनंतर मी दुकानात गेलो, तेव्हा त्यांनी चहा मागवला, हिशेबाची वही माझ्यापुढे ठेवली आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर मी ठरवलं, की ऑर्डर लिहिण्याआधी गोदामात जाऊन शिल्लक मोजायची. दर महिन्याला ते जमलं असं नाही. पण ज्या महिन्यात जमलं नाही, तो महिना मला माहीत असायचा.’

‘दर महिन्याला ते जमलं असं नाही’ हे वाक्य तपासणाऱ्याने खोडायला सांगितले तरी खोडू नका. सभागृहात असे दोन-तीन डीलर असतील ज्यांना त्यानंतरही माल घ्यावा लागला होता. हे वाक्य त्यांच्यासाठी आहे.

हा भाग लिहून झाला की तीन गोष्टी तपासा.

ज्या डीलरचा प्रसंग आहे त्याची परवानगी घेतली का? नाव न घेताही गावातल्या लोकांना तो ओळखू येतो, आणि कोणाच्या खात्यावर व्याज चढत होते हे चारचौघांत सांगणे हा त्याचा अपमान ठरू शकतो. त्याला मजकूर वाचून दाखवा. तो ‘राहू द्या साहेब’ म्हणाला, तर प्रसंग बदला.

दुसरे, व्यासपीठावर बसलेल्या वरिष्ठांकडे बोट जाते का? ‘वरून दबाव होता’ हे शब्द आले की कबुली तक्रार होऊन बसते. दबाव होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. ऑर्डर तुमच्या हाताने लिहिली गेली, एवढेच बोलावे. चालू स्कीमचे दर, डीलरचे मार्जिन आणि कंपनीची आतली आकडेवारी यांना हात लावू नये. म्हणूनच वरच्या मजकुरात टक्के आणि किमती नाहीत.

तिसरे सगळ्यात महत्त्वाचे. काही जण गंमत म्हणून सांगून टाकतात, ‘अहो, आम्ही मार्चला माल पाठवायचो आणि एप्रिलमध्ये परत घ्यायचो!’ हशा येतो खरा. पण परत घ्यायच्या बोलीवर पाठवलेला माल ही खरी विक्री नव्हे, आणि तो विक्रीत धरला असेल तर कंपनीच्या वार्षिक हिशेबात खोट आहे, असा त्या वाक्याचा अर्थ होतो. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर प्रकरण आणखी गंभीर. असे काही खरोखर घडले असेल तर ते सांगायची जागा निरोप समारंभ नाही.

आभार मध्येच उरका

आभार शेवटी ठेवायची पद्धत आहे, पण ती मोडावी. घरच्यांचा उल्लेख येतो तेव्हा बहुतेकांचा आवाज दाटतो. तो शेवटच्या ओळींत दाटला तर नव्या मुलांना सांगायच्या गोष्टी राहूनच जातात. निर्णयाच्या प्रसंगानंतर आभार घेतले, की सावरायला पुढे दीड मिनिट मिळते. कागदावर त्या ठिकाणी ‘पाणी’ असे लिहून ठेवा आणि खरोखर घोटभर प्या.

नावांची यादी वाचू नका, कारण वगळलेले नावच लक्षात राहते. त्याऐवजी कामाने ओळख द्यावी: रात्री गाडी भरून देणारे डिस्पॅचवाले, डीलरांच्या क्लेमची, म्हणजे कंपनीकडे मागितलेल्या रकमांची, कागदपत्रे तीन-तीनदा परत पाठवूनही शेवटी मंजूर करणारा लेखा विभाग, जळालेल्या मोटरी रिवाइंडिंगला घेऊन जाणारे सर्व्हिसचे लोक. घरच्यांसाठी एक नेमकी गोष्ट पुरते. महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर असलेल्या माणसाच्या घरात दहावीच्या निकालाच्या दिवशी कोण होते, एवढे सांगितले तरी कळते.

नव्या मुलांना दोनच गोष्टी, आणि त्या सोमवारी करता येतील अशा

‘मेहनत करा, प्रामाणिक राहा, ग्राहकाशी नाते जोडा.’ यातले काहीही सोमवारी सकाळी दहा वाजता करता येत नाही. धडा कृतीच्या रूपात हवा आणि वर सांगितलेल्या प्रसंगातूनच निघायला हवा. पहिला तर निघालेलाच आहे: शिल्लक मोजल्याशिवाय ऑर्डर लिहायची नाही. त्यात फक्त एक मोजमाप घाला. ‘त्याचा गेल्या तीन महिन्यांचा सेकंडरी खप बघा. शिल्लक दीड महिन्याच्या वर असेल तर ऑर्डर मागू नका, माल हलवायला मदत करा.’ दीड महिना हा आकडा आपल्या धंद्याप्रमाणे बदलावा. रोज खपणाऱ्या बिस्किटांना तो फार होईल.

दुसरा धडा तोंडी शब्दाचा. विक्रीतली बहुतेक भांडणे इथून निघतात. प्रतिनिधी ऑर्डर मिळवताना म्हणतो, ‘घ्या हो, क्लेम करून देतो.’ वरून मंजुरी आलेली नसते. काही महिन्यांनी त्याची बदली होते. नवा माणूस फाइल उघडतो, तिथे कागदच नसतो. डीलर पुढच्या बिलातून ती रक्कम कापून पैसे भरतो, कंपनीच्या खात्यात ती थकबाकी म्हणून दिसू लागते, आणि वर्षाअखेरीला खाते जुळवताना दोघेही एकमेकांना खोटे ठरवतात. दोघेही आपापल्या जागी खरे असतात. म्हणून मुलांना सांगायचे ते असे: मंजुरी येण्याआधी शब्द द्यायचा नाही, आणि आल्यावर त्याच दिवशी रक्कम, मुदत आणि अट लिहून डीलरला पाठवायची, साहेबांना प्रत ठेवून.

पण हे सांगायचा अधिकार मिळवावा लागतो, आणि त्यासाठी भाषणाच्या आधी एक काम करायचे असते. शेवटच्या दिवसाच्या निदान सहा आठवडे आधी, आपण तोंडी दिलेल्या शब्दांची यादी करा. प्रत्येक डीलरला फोन करून विचारा, ‘माझ्याकडून तुमचं काय बाकी आहे?’ तुमच्या यादीत नसलेल्या काही गोष्टी निघतीलच. कागद असेल ते क्लेम मार्गी लावा. जे मंजूर होणार नाहीत, ते होणार नाहीत असे स्वतः तोंडावर सांगा, मागून येणाऱ्यावर टाकू नका. उरलेल्यांची तारीखवार नोंद करून नव्या व्यवस्थापकाच्या हातात द्या. मग व्यासपीठावरून हे म्हणता येते:

‘माझ्या तोंडी शब्दांची यादी केली, तेव्हा ते बावीस निघाले. एकोणीस निकालात निघाले. त्यातल्या चार जणांना मी नाही म्हणून सांगितलं, आणि ते माझ्यावर नाराज आहेत. तीन राहिलेत. त्यांची फाइल नव्या साहेबांकडे दिली आहे, आणि ज्यांचे आहेत त्यांना मी फोन केला आहे.’

काम झाले नसेल तर ही ओळ घालू नका. ज्याला फोन आला नाही, तो समोरच बसलेला असतो.

‘आमच्या वेळी एसटीडी बूथवरून ऑर्डर कळवायचो, तुम्हाला सगळं मोबाइलवर मिळतं’ हा सूर मात्र पूर्ण टाळा. आजच्या मुलाच्या फोनमध्ये तो दुकानात किती वाजता पोहोचला याची नोंद होत असते. तुमच्या वेळी नव्हता असा हा एक ताण आहे.

लिहिलेली मराठी आणि बोललेली मराठी

मसुदा तयार झाला की तो मोठ्याने वाचा. ‘मी निर्णय घेतला होता व त्यानुसार कार्यवाही केली’ असे वाक्य वाचताना तोंडात अडकते. ‘केले, सांगितले, होते’ ऐवजी ‘केलं, सांगितलं, होतं’ असेच टाइप करा, म्हणजे ऐन वेळी अहवाल वाचल्यासारखे होत नाही. वरिष्ठ महाराष्ट्राबाहेरचे, मराठी न समजणारे असतील तर सुरुवातीलाच दोन वाक्ये हिंदीत बोलून त्यांची परवानगी घ्या आणि मग शेवटपर्यंत मराठीतच राहा. प्रत्येक परिच्छेदाला भाषा बदलली की डीलरांना वाटते, महत्त्वाचे ते साहेबांसाठी होते.

सुरुवात ‘आज माझ्या भावना शब्दांत मांडणं कठीण आहे’ अशी करू नका. आधीच्या सगळ्यांचे बोलणे ऐकून एखादी गोष्ट टिपून ठेवा आणि तिथून सुरू करा. उदाहरणार्थ, ‘प्रास्ताविकात माझ्याबद्दल जे ऐकलं त्यातलं निम्मं खरं आहे. कोणतं निम्मं, ते इथे बसलेल्या डीलरांना माहीत आहे.’ घड्याळ लावून दोनदा उभे राहून वाचा. दुसऱ्यांदा नऊ मिनिटांच्या वर गेले तर ग्राहकाच्या प्रसंगातली वाक्ये कमी करा, निर्णयाच्या प्रसंगातली नको.

आणि कार्यक्रम फारच लांबला, तर? सूत्रसंचालक कानात येऊन ‘सर, तीन मिनिटांत आटपता येईल का?’ असे विचारतो, आणि ही वेळ बरेचदा येते. त्यासाठी छोटे भाषण वेगळ्या कागदावर लिहून शर्टच्या खिशात ठेवा. त्यात दोन वाक्यांचे आभार, ऐंशी पंपांचा प्रसंग आणि डीलरांना दिलेल्या बावीस तोंडी शब्दांचा हिशेब एवढेच राहील. जतचा शेतकरी त्या दिवशी गाळायचा. तो दुकानदार तिथे असेलच, जेवताना स्वतःच सांगेल.